मासळी-मटणाच्या दुकानातला डीप फ्रीजर: रोज किती माल टाकायचा, तापमान कसं राखायचं आणि जुना माल आधी कसा काढायचा

नवीन दुकान घालणारा माणूस फ्रीजर घेताना बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: यात किती किलो माल मावेल? दुसरं विचारायचं राहून जातं, ते म्हणजे हा फ्रीजर एका दिवसात किती किलो ताजा माल गोठवू शकेल? तीनशे लिटरच्या झाकणाच्या फ्रीजरमध्ये पिशव्या भरून सव्वाशे-दीडशे किलो माल सहज राहतो. पण तोच फ्रीजर चोवीस तासांत ताजा माल गोठवतो तो जेमतेम तेरा-पंधरा किलो. या दोन आकड्यांची गल्लत झाली की मास मऊ पडतं, पिशवीत लाल पाणी साचतं, आधीचा चांगला गोठलेला मालही खराब होतो आणि दोष फ्रीजरच्या कंपनीवर जातो.

हा लेख झाकणाच्या, म्हणजे वरून उघडणाऱ्या पेटी फ्रीजरबद्दल आहे, कारण लहान दुकानात बहुधा तोच असतो. काचेचं सरकतं झाकण असलेला असेल तरी हेच लागू पडतं. फक्त काचेतून उष्णता जास्त शिरते, म्हणून त्यात मर्यादा आणखी कडक पाळायच्या.

साठवणं वेगळं, गोठवणं वेगळं

दुकानातला डीप फ्रीजर मुळात गोठलेला माल गोठलेलाच ठेवण्यासाठी बनवलेला असतो. त्या कामात त्याला झाकणातून आणि भिंतींतून आत येणारी उष्णता तेवढी बाहेर काढायची असते. ताजा माल टाकला की काम एकदम वाढतं. मासळीत आणि मटणात वजनाच्या साधारण सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं आणि त्या पाण्याचा बर्फ होताना खूप उष्णता बाहेर पडते. माल चार अंशांवरून शून्यापर्यंत आणायला फारसं काही लागत नाही. खरं ओझं पडतं ते शून्याच्या खाली, पाण्याचा बर्फ होतो तेव्हा.

हे ओझं किती, ते एका हिशोबातून कळेल. समजा फ्रीजरमध्ये ९० किलो माल उणे अठराला गोठलेला आहे. त्यात चार अंशांवरचा फक्त एक किलो माल टाकला. तो एक किलो उणे अठरापर्यंत जाताना जितकी उष्णता सोडतो, तेवढी उष्णता कॉम्प्रेसरनं बाहेर काढली नाही, तर जवळचा ९० किलो माल सुमारे दीड अंशानं चढू शकतो. कॉम्प्रेसर अर्थातच ती काढत असतो, पण त्याच्या वेगानं. त्या वेगाच्या पुढे जाऊन माल टाकला की शिल्लक उष्णता जुन्या मालाच्या अंगावर येते.

तो वेग फ्रीजरच्या पाठीवर किंवा आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. पट्टीवर ‘चोवीस तासांत गोठवण्याची क्षमता’ अशा अर्थाचा किलोतला आकडा शोधा. पट्टी निघून गेली असेल किंवा आकडाच दिलेला नसेल, तर दर शंभर लिटरला साडेचार किलो धरा. तीनशे लिटरला साडेतेरा किलो होतात. ही कामचलाऊ मर्यादा आहे. फ्रीजर जुना असेल, दुकानात ऊन येत असेल किंवा झाकण दिवसभर उघडझाप होत असेल तर त्यातूनही दोन-तीन किलो कमी करा.

त्याच पट्टीवर एन, एसटी किंवा टी असं एक अक्षर असतं. हा हवामानाचा वर्ग. एन वर्गाचा फ्रीजर भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत असेल तोवर नीट चालतो, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत. उन्हाळ्यात ज्या दुकानात पत्र्याखाली चाळीस अंश होतात तिथे एन वर्गाचा फ्रीजर कॉम्प्रेसर बंद न पडता दिवसभर धापा टाकत राहील, आणि तरी उणे अठरा गाठणार नाही. फ्रीजर अजून घ्यायचा असेल तर लिटर आणि रंग बघण्याआधी हे अक्षर बघा.

जागा आणि थर्मामीटर

फ्रीजर आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून बाहेर हवा खेळायला जागा हवी. मागे आणि ज्या बाजूला कॉम्प्रेसरची जाळी आहे त्या बाजूला किमान एक वीत अंतर ठेवा. जाळीसमोर पोती, खोकी, रिकामे क्रेट रचायचे नाहीत. मासळीच्या दुकानात खाली पाणी असतं, त्यामुळे फ्रीजर स्टँडवर किंवा उंच चौथऱ्यावर हवा. जमीन सपाट नसेल तर झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नाही. ते तपासायला कागदाची एक पट्टी झाकणाच्या रबरात अडकवून ओढा. पट्टी सहज सुटून आली तर त्या जागी रबर पकडत नाही, तिथून गरम दमट हवा आत जाते आणि नेमका त्याच ठिकाणी बर्फ जमतो.

तापमानासाठी फ्रीजरच्या बटणावर विसंबून राहू नका. बटणावरचे एक ते सात हे आकडे अंश नाहीत, ते फक्त कमी-जास्त सांगतात. बाहेर डिजिटल आकडा दिसत असला तरी तो एका ठरावीक जागेच्या हवेचा असतो. आपल्याला मालाचं तापमान हवं. त्यासाठी वायरच्या टोकाला संवेदक असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. संवेदक दोन गोठलेल्या पिशव्यांच्या मध्ये, पेटीच्या मधोमध, सगळ्यात वरच्या थरात ठेवा. तळाशी आणि भिंतीला लागून सगळ्यात जास्त थंड असतं, झाकणाखाली मधोमध सगळ्यात कमी. सगळ्यात कमी थंड जागेचा माल उणे अठरा असेल तर बाकीच्याची काळजी नाही.

तापमान रोज सकाळी, झाकण पहिल्यांदा उघडण्याआधी बघा आणि वहीत लिहा. रात्री दुकान बंद करताना पुन्हा एकदा. सकाळच्या आकड्यावरून रात्रभरात फ्रीजर कुठे पोचला ते कळतं आणि रात्रीच्या आकड्यावरून दिवसाच्या उघडझापीनं किती चढला ते. बटण असं लावा की सकाळी उणे वीसच्या आसपास दिसेल. मग दिवसभरात दोन अंश चढले तरी माल उणे अठराला राहतो. सकाळी उणे पंधरा किंवा त्याहून वर दिसलं तर त्या दिवशी ताजा माल टाकायचा नाही, आधी कारण शोधायचं. कारण बहुधा चारांपैकी एक असतं: आदल्या दिवशी जास्त माल पडला, झाकण नीट लागलं नाही, भिंतीवर बर्फ जाड झाला किंवा जाळीवर धूळ बसली. हे चारही तपासून झाले आणि तरीही तापमान उतरत नसेल तरच मेकॅनिकला बोलवा.

बटण कायम शेवटच्या आकड्यावर ठेवून जास्त माल गोठवता येईल असं काही जण समजतात. तसं होत नाही. बटण कॉम्प्रेसरला कधी थांबायचं ते सांगतं, त्याची ताकद वाढवत नाही. काही फ्रीजरमध्ये जलद गोठवण्याचं वेगळं बटण असतं. त्यामुळे कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो. ते वापरायचं तर ताजा माल टाकण्याच्या काही तास आधी चालू करा, म्हणजे जुना माल आधीच आणखी थंड होतो आणि नव्या मालाची उष्णता झेलायला तयार राहतो. दुसऱ्या दिवशी आठवणीनं बंद करा.

काय गोठवायचं हे दुपारीच ठरवा

फ्रीजरमध्ये माल जसा जातो तसाच बाहेर येतो, फार तर थोडा उतरून. गोठवल्यानं बहुतेक जंतू मरत नाहीत, ते फक्त वाढायचे थांबतात. बाहेर काढल्यावर जिथे होते तिथून पुढे चालू होतात. दिवसभर विकायला ठेवून, संध्याकाळी वास यायला लागल्यावर फ्रीजरमध्ये ढकललेला माल पुढे कधीही चांगला होणार नाही.

मासळीत आणखी एक धोका आहे. बांगडा, कुपा अशा माशांत, ते थंडीबाहेर जास्त वेळ राहिले तर, जंतूंमुळे हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. खाणाऱ्याला तोंडाला खाज, अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या होतात. एकदा तयार झालेलं हे द्रव्य ना गोठवल्यानं जातं ना शिजवल्यानं. दिसायला आणि वासाला तो मासा बरा असू शकतो. म्हणून असे मासे आल्या क्षणापासून बर्फात ठेवायचे आणि विकले जाणार नाहीत असं वाटलं तर सगळ्यात आधी हेच गोठवायचे.

माझ्या मते शिल्लक किती राहील याचा अंदाज दुपारीच बांधावा. सकाळची गर्दी ओसरली की कोणता माल आज खपणार नाही हे बऱ्यापैकी कळतं. तेवढा माल दुपारीच साफ करून, निथळून, पिशव्यांत भरून बर्फात किंवा शून्य ते चार अंशांच्या फ्रिजमध्ये गार करत ठेवा आणि संध्याकाळी फ्रीजरमध्ये टाका. पंचवीस अंशांवरच्या मालापेक्षा चार अंशांवर आणलेल्या मालाचं फ्रीजरवर ओझं साधारण पाचव्या हिश्शानं कमी पडतं. त्याहून मोठा फायदा असा, की गरम माल शेजारच्या गोठलेल्या पिशव्यांची वरची बाजू मऊ करतो, गार माल तसं फारसं करत नाही.

एका संध्याकाळचा हिशोब

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. तीनशे लिटरचा फ्रीजर आहे, पट्टी निघून गेली आहे, म्हणून रोजची मर्यादा साडेतेरा किलो धरली. आत आधीच ९० किलो गोठलेला माल आहे. संध्याकाळी शिल्लक राहिलं २८ किलो: तेलकट मासा सहा किलो, पांढऱ्या मासाचे, कमी तेलाचे मासे दहा किलो, कोंबडीचे तुकडे सात किलो आणि अख्ख्या कोंबड्या पाच किलो. पेटीत जागा भरपूर आहे, म्हणून सगळं आत टाकायचा मोह होतो.

तसं केलं तर काय होतं? दोन दिवसांपेक्षा जास्त काम एका रात्रीत फ्रीजरवर पडतं. सकाळी पिशव्या बाहेरून कडक लागतात, पण मध्यभाग अजून उणे एक-दोनच्या आसपास असतो. मासातलं बहुतेक पाणी उणे एक ते उणे पाच अंशांच्या टप्प्यात गोठतं. माल या टप्प्यात जितका जास्त वेळ रेंगाळतो तितके बर्फाचे खडे मोठे होतात आणि मासाचे धागे फाटतात. तोच माल नंतर वितळवला की पिशवीत लालसर पाणी साचतं, मासा भुसभुशीत होतो, वजन घटतं आणि गिऱ्हाईक परत येत नाही. शिवाय आधीचे ९० किलो काही अंश चढलेले असतात, त्यांच्याही पिशव्यांत बारीक बर्फाचा भुगा दिसू लागतो.

बरोबर वाटणी अशी. आज रात्री तेलकट मासा सहा किलो आणि कोंबडीचे तुकडे सात किलो, म्हणजे तेरा किलो आत जातील. तेलकट मासा आणि तुकडे आधी, कारण ते लवकर उतरतात. पांढऱ्या मासाचे दहा किलो आणि अख्ख्या कोंबड्या पाच किलो रात्रभर थंड राहतील, पण गोठणार नाहीत. मासे खाली-वर भरपूर बर्फ घालून, वितळलेलं पाणी निघून जाईल अशा भोकाच्या क्रेटमध्ये, आणि कोंबड्या झाकून फ्रिजमध्ये, मासळीपासून वेगळ्या. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर विक्रीची सुरुवात याच पंधरा किलोपासून. त्यातलं दुपारी जे उरलेलं दिसेल ते उद्याच्या साडेतेरा किलोंत पहिलं. आणि उद्याची खरेदी आजच्या शिल्लकीएवढी कमी करा. रोज संध्याकाळी मर्यादेपेक्षा जास्त माल उरत असेल तर दुसरा फ्रीजर घेण्याआधी सकाळच्या खरेदीचा आकडा तपासा.

ते तेरा किलो आत कसे ठेवायचे हेही तितकंच महत्त्वाचं. एक-एक किलोच्या पिशव्या भरा, आतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि पिशवी टेबलावर थापून चार-पाच सेंटिमीटर जाडीची चपटी करा. फ्रीजरमधली हवा स्थिर असते, पंखा नसतो. अशा हवेत पाच सेंटिमीटर जाडीची पिशवी सगळ्या बाजूंनी मोकळी असेल तर गोठायला चौदा-पंधरा तास लागतात. दहा सेंटिमीटर जाडीची असेल तर एक दिवस पुरत नाही. चार पिशव्या एकावर एक रचल्या तर फ्रीजरच्या दृष्टीनं तो वीस सेंटिमीटरचा एकच गोळा असतो. त्याच्या मधल्या भागाला दोन दिवस लागले तरी नवल नाही.

पेटी फ्रीजरच्या थंडाव्याच्या नळ्या भिंतींमध्ये असतात, म्हणून ताज्या पिशव्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, दोन पिशव्यांत बोटभर फट सोडून. जुन्या मालाला त्या लागू देऊ नका. मध्ये जाळीची बास्केट किंवा तारेची जाळी उभी केली की अंतर आपोआप राहतं. पहिल्या रात्री झाकण उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एखादी पिशवी दोन्ही हातांनी मध्यभागी दाबून बघा. दगडासारखी कडक लागली तरच ती जुन्या मालात मिसळायची.

भरण्याची रेघ

पेटीच्या आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला एक रेघ किंवा बाण असतो. माल त्याच्या वर जाता कामा नये. रेघेच्या वरची हवा झाकण उघडताच गरम होते आणि तिथली पिशवी दिवसातून अनेकदा थोडी वितळून पुन्हा गोठते. काचेच्या झाकणाच्या फ्रीजरमध्ये हे डोळ्यांना दिसतं: वरच्या पिशव्यांवर पांढरी भुकटी, खालच्या स्वच्छ. रेघच नसेल तर झाकणापासून किमान चार बोटं मोकळी ठेवा. पेटी तीन-चतुर्थांश भरलेली असणं सगळ्यात सोयीचं. अगदी रिकामी असेल तर झाकण उघडताच सगळी थंडी जाते, ठासून भरली तर खालचा माल कधीच हाती येत नाही.

तळाचा माल वर आणायची रीत

उभ्या दाराच्या कपाटात जुना माल पुढे ओढता येतो. पेटीत नवा माल नेहमी वर पडतो आणि विक्रीही वरूनच होते. काहीच व्यवस्था केली नाही तर पहिल्या दिवशी ठेवलेली पिशवी पेटी रिकामी होईल त्या दिवशीच दिसते. ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पेटीच त्याच्या आड येते. म्हणून मालाची दिशाच बदलायची: तळापासून वरपर्यंत थर रचण्याऐवजी डावीकडून उजवीकडे.

पेटीचे लांबीत तीन भाग करा. जाड प्लास्टिकचे पत्रे किंवा उंच बास्केट लावल्या तरी चालतात. डावा भाग नव्यानं गोठणाऱ्या मालाचा, म्हणजे भिंतीला टेकलेल्या पिशव्यांचा. मधला भाग साठ्याचा. उजवा भाग विक्रीचा, ज्यातूनच रोज माल काढायचा. पिशव्या आडव्या न रचता कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, लेबल वरच्या कडेला. झाकण उघडलं की प्रत्येक पिशवीची तारीख दिसते, एकही उचलावी लागत नाही आणि झाकण काही सेकंदांत बंद होतं. पेटी खोल असेल तर खालच्या थरासाठी कानाच्या बास्केट वापरा, म्हणजे वरची एक बास्केट उचलली की खालचा थर मोकळा.

आठवड्यातून एकदा, दुकान बंद असताना, मधल्या भागातला जुना माल उजवीकडे आणि डावीकडचा गोठलेला माल मध्ये सरकवा. भराभर केलं तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मासळी आणि मटण एकाच पेटीत ठेवावं लागत असेल तर वेगळ्या बास्केट करा आणि दोन्हीही बंद पिशव्यांत ठेवा. मासळीचा वास गोठलेल्या मालालाही लागतो.

लेबल पिशवी भरण्याआधी लिहा. ओल्या किंवा गार पिशवीवर मार्करची शाई धरत नाही. चार गोष्टी पुरतात: काय आहे, वजन, गोठवल्याची तारीख आणि विकून संपवायची शेवटची तारीख. ही शेवटची तारीख त्या क्षणीच लिहिली तर पुढे कोणालाही हिशोब करत बसावं लागत नाही. नवीन कामाला लागलेल्या मुलालाही वाचून कळतं. महिन्यानुसार चिकटपट्टीचा रंग बदलला तर आणखी सोपं: उजव्या भागात या महिन्याचा रंग दिसला आणि मधल्या भागात गेल्या महिन्याचा, तर कोणीतरी उलटं काढलंय हे लगेच कळतं.

शेवटची तारीख कशी ठरवायची? कायम उणे अठराला ठेवलेल्या, नीट बांधलेल्या मालासाठी सर्वसाधारण मुदती अशा मानल्या जातात: तेलकट मासा दोन ते तीन महिने, कमी तेलाचा मासा सहा ते आठ महिने, खिमा तीन ते चार महिने, कोंबडीचे तुकडे नऊ महिन्यांपर्यंत. या मुदती चवीच्या आणि पोताच्या आहेत. सतत उणे अठराला असलेला माल त्यानंतर लगेच विषारी होत नाही, पण तेलकट माशाला खवट वास येतो आणि कोंबडी कोरडी पडते. दुकानातलं झाकण दिवसात कितीतरी वेळा उघडतं आणि आपलं गोठवणं कारखान्याइतकं जलद नसतं. म्हणून मी नवीन माणसाला या मुदती निम्म्या करायला सांगतो: तेलकट मासा एक महिना, कमी तेलाचा तीन महिने, खिमा दीड महिना, कोंबडीचे तुकडे चार महिने. लहान दुकानात माल एवढा वेळ पडून राहत असेल तर तो बहुतेक वेळा खपतच नाहीये, आणि तो पुन्हा विकत घेऊ नये हेही त्यावरून कळतं.

मासळी जास्त दिवस ठेवायची असेल तर तिच्यावर बर्फाचं पातळ आवरण चढवता येतं. पूर्ण गोठलेला मासा बर्फाच्या स्वच्छ पाण्यात काही सेकंद बुडवायचा, बाहेर काढून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचा, आणि आवरण घट्ट झाल्यावर हेच आणखी एक-दोनदा. हे आवरण हवा लागू देत नाही, त्यामुळे कातडीवर पांढरे कोरडे चट्टे पडत नाहीत. वजन मात्र आवरण चढवण्याआधीचं लिहा आणि तेवढ्याचेच पैसे घ्या.

माल मध्येच वितळून गेला हे कसं ओळखायचं

रात्री वीज गेली आणि पहाटे आली तर सकाळी सगळं कडकच दिसतं. हे पकडायला एक सोपा उपाय आहे. छोट्या वाटीत पाणी पूर्ण गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि वाटी पेटीच्या वरच्या थरात कायम राहू द्या. नाणं वर असेल तर ठीक. बर्फात रुतलं असेल किंवा तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात माल वितळला होता. पिशव्याही सांगतात: कोपऱ्यात गोठलेलं लाल पाणी, एकमेकींना चिकटून बसलेल्या पिशव्या, चपट्याऐवजी खाली ओघळलेला आकार.

वीज गेली की पहिलं काम म्हणजे झाकण न उघडणं. घन झाकणाचा, पूर्ण भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण ४८ तास माल गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास. काचेच्या झाकणाचा यापेक्षा बराच कमी, म्हणून त्यावर लगेच जाड गोधडी किंवा थर्माकोल टाका, मात्र वीज आली की कॉम्प्रेसरच्या जाळीवर त्याचा काहीही भाग येऊ देऊ नका. वीज पुन्हा पुन्हा येत-जात असेल तर कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ देणं त्याला घातक ठरतं. तीन ते पाच मिनिटं उशिरा चालू करणारा स्टॅबिलायझर यासाठीच असतो.

वीज आल्यावर एकेक पिशवी तपासा. आत अजून बर्फाचे कण असतील आणि माल चार अंशांच्या खाली असेल तर तो पुन्हा गोठवला तरी सुरक्षित असतो, पण पोत उतरलेला असतो. असा माल पहिल्यांदा विका, गिऱ्हाइकाला सांगून. चार अंशांच्या वर किती वेळ होता हे कळत नसेल तर तो टाकून द्या. वास घेऊन किंवा चाखून निर्णय करू नका, विशेषतः बांगडा, कुपा अशा माशांचा.

बर्फ काढणं

भिंतीवर बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की काढायचा. तो थर नळ्यांची थंडी मालापर्यंत पोचू देत नाही, कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि गोठवण्याची क्षमता घटते. रोजचे साडेतेरा किलो स्वच्छ भिंतीसाठीच खरे असतात. माल कमी असेल असा दिवस निवडा, माल दुसऱ्या फ्रीजरमध्ये किंवा बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत हलवा, प्लग काढा आणि झाकण उघडं ठेवा. आत कोमट पाण्याचं भांडं ठेवलं तर बर्फ लवकर सुटतो.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर किंवा मासळीचा कोयता बर्फात घालू नका. नळ्या भिंतीच्या पातळ पत्र्यामागे असतात, एक भोक पडलं की गॅस जातो आणि बऱ्याचदा पेटीच बाद होते. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजरमध्ये आर-६००ए किंवा आर-२९० हा गॅस असतो आणि दोन्ही ज्वालाग्राही आहेत, त्यामुळे जवळ स्टोव्ह किंवा शेगडीही नको. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. बर्फ निघाल्यावर आतली बाजू सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करा, कारण राहिलेला ओलावा पुन्हा बर्फच होतो. झाकणाचं रबरही पुसा, मासळीचं पाणी त्यात सुकून चिकट होतं आणि रबर तिथे उलटतं. मग प्लग लावून पेटी रिकामीच चालू ठेवा. तापमान उणे अठराला आलं की गोठलेला माल परत ठेवा. ताजा माल त्या रात्री टाकू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाका.